बारा पस्तीसचं लग्न

ईटला घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो. १ जानेवारी १९०६पासून आपण भारतीय प्रमाणवेळ पाळतो आणि ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातलं ईट त्या रेषेच्या पश्चिमेला साधारण सात अंशांवर येतं. अंशाला चार मिनिटं धरली की अठ्ठावीस मिनिटांचा फरक पडतो. मेच्या मध्यावर सूर्य घड्याळापेक्षा तीन-चार मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की ईटची खरी दुपार बारा चोवीसच्या आसपास होते. त्या दिवसांत सूर्योदय ते सूर्यास्त सुमारे तेरा तासांचा दिवस असतो. त्याचे पंधरा सारखे भाग केले की मधला आठवा भाग म्हणजे अभिजित मुहूर्त. तो बावन्न मिनिटांचा निघतो आणि ठोकळमानानं ११.५८ ते १२.५० असा पडतो.

उन्हाळ्यातल्या लग्नपत्रिका काढून पाहिल्या तर अनेक मुहूर्त बारा वाजून वीस, तीस, पस्तीस मिनिटांच्या घरात दिसतात. ही वेळ कुणी उगाच छापत नाही. अभिजित हा पंचांगातला सोयीचा मुहूर्त आहे, इतर काही जुळेना तर भटजी तिकडे वळतात. बारकाईनं काढायचं झालं तर लग्नराशी पाहतात. एक राशी क्षितिजावर साधारण दोन तास असते, तिचे नऊ नवमांश पाडले की एकेक सरासरी तेरा-चौदा मिनिटांचा येतो, आणि त्यातला चांगला नवमांश धरून मिनिट ठरतं. म्हणजे पत्रिकेवरच्या बारा पस्तीसला, पंचांग मानणाऱ्याच्या हिशेबानं, काही मिनिटांची सूट असते. तास-दीड तासाची नसते.

आणि तरीही त्या पत्रिकेवरचं लग्न दोनच्या आधी लागत नाही, हे वधुपित्याला, वरपित्याला, भटजींना, आचाऱ्याला, बँडवाल्याला आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ठाऊक असतं. माहीत नसतं ते फक्त लांबून एसटीनं आलेल्या म्हाताऱ्या आत्याला. ती पावणेबाराला मांडवात येऊन बसलेली असते.

पूर्वी खेड्यात लग्नाची वेळ पाहायला घटिकापात्र असे. घंगाळात पाणी भरायचं आणि तळाला बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी त्यावर सोडायची. छिद्रातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली. दिवसरात्रीच्या साठ घटिका आणि एका घटिकेची साठ पळं. सूर्यबिंब अर्धं वर आलं की पहिली वाटी सोडायची आणि मग कुणीतरी तिच्याजवळ बसून राहायचं. वाटी बुडाली की ती उपसून लगेच पुन्हा सोडायची आणि मोजणी चुकू द्यायची नाही. घरात एवढी धावपळ चाललेली असताना एक शहाणा माणूस निव्वळ वाटीपाशी बसवून ठेवणं ही मोठीच चैन होती, पण ती केली जायची.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसराशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा या वाटीभोवतीच फिरते. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली ‘लीलावती’चं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. लीलावती वाटीत डोकावली, अंगावरच्या अलंकारातला एक मोती निखळून छिद्रावर बसला, पाणी चढायचं थांबलं. वाटी बुडण्याची वाट पाहता पाहता मुहूर्त टळला आणि लग्न झालंच नाही. इतिहास म्हणून या गोष्टीला काही आधार नाही. पण ती ज्यांनी सांगितली आणि ज्यांनी ऐकली त्यांना एक गोष्ट उघड वाटत होती: वेळ चुकली की नुकसान लग्नघराचं होतं. नवरी राहते, खर्च वाया जातो. पाहुणे जेवून आपापल्या गावी जातात.

आज हा हिशेब उलटा झाला आहे. बारा पस्तीसचं लग्न दोन दहाला लागलं म्हणून नवरा-नवरीचं काही बिघडतं असं आता कुणी मनापासून मानत नाही. भटजींकडे त्यावर तोडगा असतो. मुहूर्ताच्या वेळी घरातच चार अक्षता टाकून घेतात किंवा पुढचा चांगला नवमांश शोधतात. पत्रिका छापून झाली की मुहूर्ताचं काम संपलेलं असतं. उशिराची किंमत मात्र कुठे गेलेली नाही. ती लग्नघराच्या अंगावरून उतरून मांडवात बसलेल्यांच्या अंगावर आली आहे.

ती किंमत किती, हे एकदा आकड्यांत मांडून पाहावं. पुढचं लग्न एका घरचं नाही. भूम, वाशी, पाटोदा, जामखेड या पट्ट्यात मेमध्ये कुणालाही ओळखीचं वाटेल असं ते आहे. मुहूर्त १२.३५. अक्षता पडल्या २.१०ला. मांडवात वेळेवर आलेले आठशे लोक. पंचाण्णव मिनिटं गुणिले आठशे, म्हणजे शहात्तर हजार मिनिटं, साडेबाराशेहून जास्त तास. आठ तासांचा दिवस धरला तर एकशे अठ्ठावन्न माणसांचा एकेक दिवस. रोजगार हमीचा २०२५-२६चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दरानं सुमारे एकोणपन्नास हजार रुपये होतात. एका लग्नाचे. आहेरात इतकी रक्कम जमली तर वहीत नोंद होते. ही रक्कम पाहुण्यांनी देऊन टाकली आणि ती कुठेच लिहिली गेली नाही.

या आकड्यात एक खोट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मांडवातला सगळा वेळ वाया जात नाही. कितीतरी सोयरिकी दुसऱ्याच्या लग्नात जमतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना सहा महिन्यांनी भावकी भेटते ती लग्नातच. कुणाचं कर्ज कुठवर आलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, हे सगळं खुर्च्यांच्या रांगांत होतं. माणसांना एकत्र बसायला आवडतं, त्याला वेळेचा अपव्यय म्हणणारा माणूस लग्नाला न जाईल तर बरं.

पण अशी बैठक आणि मांडवातली वाट यांत फरक आहे, तो ती किती चालणार हे माहीत असण्याचा. कुणी पावणेबाराला सांगितलं असतं की अक्षता दोन दहाला, तर कुणी नात्यातल्या घरी जाऊन पाठ टेकली असती, कुणी कुंथलगिरीला दर्शन करून आलं असतं, कुणी शेतावरची मोटार चालू करून आलं असतं. तसं कुणी सांगत नाही. विचारलं की ‘बसा की पाव्हणं, आता लागतंयच’ एवढंच उत्तर मिळतं. ते उत्तर साडेबाराला मिळतं, एकला मिळतं आणि दीडलाही शब्द न बदलता मिळतं. त्यामुळे उठून जाता येत नाही आणि बसून राहिलेल्या वेळेचं काही करताही येत नाही. पाहुणा अडकून पडतो, आणि तोही अगदी प्रेमानं.

उशीर नेमका कुठे होतो हे पाहायला मांडवात बसून चालत नाही, बाहेर उभं राहावं लागतं. पहिला तुकडा वऱ्हाडाचा. पन्नास किलोमीटरवरून निघणारं वऱ्हाड नऊला निघायचं ठरतं आणि साडेदहाला निघतं, कारण शेवटच्या दोन गाड्या कुणाच्या तरी दाढीसाठी किंवा राहिलेल्या पिशवीसाठी थांबलेल्या असतात. दुसरा तुकडा सगळ्यात मोठा, परण्याचा. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो. वाटेत डीजे आणि त्यापुढे नाचणारी पोरं. गाव कितीही लहान असो, परण्याला तासभर लागतो, कारण वाट चालण्याची नसून नाचण्याची असते आणि प्रत्येक चौकात कुणीतरी म्हणतं, ‘अजून एक गाणं.’ तिसरा तुकडा नवरीच्या तयारीचा. तालुक्याच्या गावच्या पार्लरमध्ये त्या दिवशी एकाच मुहूर्ताच्या चार नवऱ्या बसलेल्या असतात. चौथा फेट्यांचा. मामा, काका, आत्याचे यजमान, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, प्रत्येकाला फेटा. बांधणारा एकच आणि एका फेट्याला दोन-तीन मिनिटं. पंधरा फेटे म्हणजे अर्धा-पाऊण तास.

पाचवा तुकडा सत्काराचा. वधू-वर बोहल्याकडे निघणार, एवढ्यात सूत्रसंचालकाच्या हातातला माईक जागा होतो. अमुक गावचे माजी सभापती आपल्यामध्ये उपस्थित आहेत, त्यांचा शाल, फेटा आणि श्रीफळ देऊन. तमुक संस्थेचे संचालक. यादी चिठ्ठ्यांवर येते आणि चिठ्ठ्या वाढत जातात. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो, म्हणून कुणाचंच राहू द्यायचं नाही. मग चार शब्दांचे आशीर्वाद. चार शब्द म्हणून उभ्या राहिलेल्या माणसानं चार शब्दांत आटोपल्याचं मराठवाड्यात तरी फारसं ऐकिवात नाही.

सरावलेला पाहुणा लांबूनच ओळखतो. मोटारसायकल लावता लावता तो कान देतो. डीजेचा आवाज मारुतीच्या बाजूनं येत असला तर अजून तास आहे. मांडवाच्या दारात फेटेवाल्याभोवती गर्दी असेल तर पाऊण तास. माईकवर मान्यवरांची नावं सुरू झाली की अर्धा. ‘मामांनी वधूला मंडपात घेऊन यावं’ ही हाक ऐकू आली की मगच तो उसाच्या रसाचा पेला ठेवून आत शिरतो. पुढच्या लग्नाला तो घरूनच दीड तास उशिरा निघतो. मग यजमान म्हणतात, साडेबाराला मांडवात माणूसच नव्हतं, लग्न कुणापुढं लावायचं? दोघंही खरं बोलत असतात. पत्रिकेवर वेळ मुद्दाम तासभर आधीची छापायची आणि पाहुण्यानं ती तासभर पुढची वाचायची, असा हा न बोललेला करार झालेला आहे. या करारात फक्त एकाच माणसाला शिक्षा होते: छापलेलं खरं मानणाऱ्याला.

तो माणूस कोण, हे पाहण्यासारखं आहे. १७ मार्च २०२३पासून महाराष्ट्रात एसटीच्या तिकिटावर बायकांना निम्मी सवलत आहे; पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून, २०२२च्या ऑगस्टपासून, प्रवास मोफत आहे. त्यामुळे लेकुरवाळ्या बायका आणि म्हातारी माणसं लग्नाला येतात ती बहुधा लाल गाडीनं. गाडी तिच्या वेळेला येते म्हणून ती वेळेवर पोचतात आणि परतीची गाडी तिच्या वेळेला सुटते म्हणून त्यांना वेळेवर निघावंही लागतं. लग्न दोन दहाला लागलं आणि गाडी अडीचला असली तर त्या बाईपुढे दोनच गोष्टी उरतात: अक्षता टाकून उपाशी जायचं किंवा जेवून मुक्काम करायचा. स्वतःची चारचाकी असलेला माणूस दोन पाचला येतो, पुढच्या सोफ्यावर बसतो, त्याच्या हातात अक्षता येतात आणि पाच मिनिटांत लग्न लागतं. त्याला वाटतं लग्न अगदी वेळेवर लागलं. त्याच्यासाठी ते तसंच लागलेलं असतं.

मला या साऱ्या प्रकारात खटकतं ते हेच. उशीर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. ज्याच्यासाठी लग्न थांबेल तो उशिरा येतो, ज्याच्यासाठी थांबणार नाही तो वेळेवर येतो आणि थांबतो. कोण कुणासाठी थांबलं यावरून मांडवातल्या माणसांची प्रत उघड उघड लावली जाते. मानपानाच्या एका साडीवरून सात वर्षं अबोला धरणारी आपली माणसं या अपमानाबद्दल चकार शब्द काढत नाहीत, हे मात्र नवल आहे. कदाचित तो एकाच वेळी आठशे जणांचा होतो म्हणून कुणालाच स्वतःचा वाटत नसेल.

‘खेड्यातल्या माणसाला वेळेचं भान नसतं’ असं यावर कुणी शहरातून म्हणेल. त्यानं भूम तालुक्यात पहाटे यावं. हा खव्याचा मुलूख आहे. म्हशीचं साधारण चार-पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा पडतो आणि त्यासाठी दूध ताजंच लागतं. उन्हाळ्यात धार काढल्यावर चार तास दूध तसंच राहिलं तर त्यात आंबटपणा चढू लागतो आणि कढईत ते आटायच्या ऐवजी फाटतं. म्हणून धारेची वेळ, भट्टीवर पोचण्याची वेळ, कढई चढण्याची वेळ सगळी पक्की असते. दूध घालणारा एक दिवस दोन तास उशिरा आला तर त्याचं दूध परत जातं, तो कुणाचा का पाव्हणा असेना. उसाची टोळी पहाटे फडात उतरते. विजेच्या रात्रपाळीला मोटार चालू करायला माणूस दोन वाजता उठतो. वेळ पाळायला या भागाला कुणी शिकवायला नको. ज्याच्या उशिराची किंमत त्यालाच मोजावी लागते तिथे तो वेळ पाळतोच.

मांडवातही एक जागा अशी आहे जिथे उशीर लपत नाही, ती म्हणजे आचाऱ्याची भट्टी. आचारी पत्रिकेवर विश्वास ठेवत नाही, पण पूर्ण अविश्वासही त्याला परवडत नाही. पंगत एकला बसली आणि पुऱ्या तळल्या नाहीत तर दोष त्याचा. म्हणून वरण, भाजी, बुंदी अकरा-साडेअकराला तयार असते. भात शेवटी टाकायचा असतो, तोही ‘आता लागतंय’ हे ऐकून साडेबाराला टाकला जातो. मग ते सगळं चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली उभं राहतं. गोडात बासुंदी किंवा गुलाबजाम असले, म्हणजे इथलाच खवा असला, तर पहिली काळजी त्यांची. शिजवलेलं अन्न ना उकळतं गरम ना थंडगार अशा मधल्या उष्णतेत काही तास राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात, आणि मेमधला मांडव ही तशीच मधली जागा आहे. जाणता आचारी वरण मंद आचेवर उकळतं ठेवतो, भाताची पातेली दोन खेपांत चढवतो, दुधाचं गोड बर्फावर ठेवून शेवटी बाहेर काढतो. तेवढ्या सोयी नसलेला बिचारा झाकण उघडून वास घेत राहतो. लग्नातल्या जेवणातून विषबाधा झाल्याच्या उन्हाळी बातम्यांत तेलाचा, खव्याचा, पाण्याचा दोष निघतो. जेवण किती वाजता शिजलं आणि किती वाजता वाढलं याची चौकशी बातमीत क्वचितच असते.

लोकांनी यावर आपापला उपाय काढला आहेच. अलीकडे बऱ्याच ठिकाणी आधी जेवण, मग अक्षता. बाराला पंगती सुरू होतात, पाहुणे जेवतात, आहेराचं पाकीट देतात आणि निघतात. वेळेच्या दृष्टीनं हे उत्तम आहे. फक्त मंगलाष्टकं सुरू होतात तेव्हा मांडवात जवळचे शंभर-दीडशे लोक, कॅमेरावाले आणि खुर्च्या उरतात. आठशे लोकांना ज्या क्षणाला साक्षी राहायला बोलावलं तो क्षण आठशेंपैकी बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

२०२५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात हुंड्यासाठी छळ झाल्याचे आरोप असलेल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या बैठका झाल्या आणि पुणे, अहिल्यानगर भागात लग्नाची आचारसंहिता ठरवली गेली. मोजकी माणसं, डीजे नको, कर्ज काढून लग्न नको, अशा कलमांच्या बरोबरीनं लग्न वेळेवर लावण्याचाही आग्रह तिथे धरला गेला. हुंड्याइतक्या गंभीर गोष्टीशेजारी घड्याळाला जागा मिळावी याचं काहींना हसू आलं. मला ते बरोबर वाटलं. मुलीकडच्यांना गृहीत धरणं आणि आलेल्या माणसाला गृहीत धरणं यांत अंतर पुष्कळ आहे, पण दिशा एकच आहे.

मुहूर्त मानावा की नाही हा वाद इथे आणायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच डिसेंबरात भटजीविना पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. तिथे पंचांगाचं मिनिट नव्हतं. तरी लोकांना बोलवायचं तर कधी यायचं हे सांगावंच लागतं, आणि ते सांगणं ग्रहांसाठी नसतं, पाहुण्यांसाठी असतं. पंचांग मानणाऱ्याला १२.५०ची हद्द त्याच्या श्रद्धेनं घालून दिलेली आहे. न मानणाऱ्याला ती आपल्या शब्दानं पाळावी लागते. सध्या दोघांकडेही दोन वाजतात.

वेळ पाळायची ठरवली तर करायच्या गोष्टी फार नाहीत आणि त्या ज्यांनी केल्या त्यांची लग्नं वेळेवर लागलेली आहेत. परण्या आदल्या संध्याकाळी काढायचा. हळदीनंतर गारव्याला पोरांना हवं तेवढं नाचू द्यायचं. फेटे सकाळी दहापासून बांधायचे आणि बांधणारे दोघं ठेवायचे. सत्कार अक्षतांनंतर, पंगती चालू असताना, एका बाजूला. पत्रिकेवर दोन वेळा छापायच्या, अक्षतांची आणि पंगतीची, आणि दोन्ही खऱ्या.

राहतो तो शेवटचा अडसर, येणाऱ्या पुढाऱ्याचा. दाट तिथीच्या दिवशी त्याच्याकडे पंधरा-वीस पत्रिका असतात. दिवसभरात तो सगळीकडे जाऊन येतो, म्हणून प्रत्येक मांडवात उशिरा पोचतो. त्यात त्याचा उर्मटपणा असेलच असं नाही. साधा भागाकार केला तरी एका लग्नाला वीस-पंचवीस मिनिटं येतात, रस्ता धरून. त्याला थांबायला सांगणारं कुणी नसतं, पण त्याच्यासाठी थांबणारे सगळीकडे असतात. यजमानानं आदल्या रात्री फोन करून एवढंच सांगायचं असतं: ‘साहेब, अक्षता बारा पस्तीसला टाकतोय. तुम्ही सवडीनं या, पंगत चारपर्यंत चालू आहे.’ बहुतेक पुढारी यावर ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणतील, कारण त्यांचीही एका मांडवातून सुटका होते. फोन करायचं धाडस यजमानालाच होत नाही. साहेब रागावतील याची त्याला भीती असते, आणि पावणेबारापासून येऊन बसलेली आत्या रागावणार नाही याची खात्री.